एकवीस कीचेनचं टाचण

मी कॉलेजात जायच्या आधी आमच्या घरात कोणी बारावीसुद्धा नव्हतं. अमरावतीच्या बाहेर, रस्त्याला लागून, दुसऱ्याची दीड एकर ओलिताची जमीन बाबा मक्त्याने करायचे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने झेंडू. माय रोज सकाळी तो माल घेऊन राजापेठेत फुटपाथवर बसायची. वर एका क्लासची पाटी होती. तिथे शिकायला येणारी पोरं मायच्या टोपल्याला गाडी लावायची आणि माय "बाबू, जरा तिकडे" एवढंच म्हणायची.

मी बारावीत असताना बाबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. पाठीला असा मार लागला की वाकणं बंद झालं. भाजीच्या शेतीत वाकता येत नसेल तर माणूस घरी बसून हिशेबाच्याही कामाचा नसतो, कारण हिशेब मायच्या डोक्यात असायचा. त्या वर्षी मार्गशीर्षात अवकाळी पाऊस पडला आणि मेथी उभ्या जागी सडली. आमच्या दोघी बहिणींपैकी एकीलाच पुढे शिकता येईल हे कोणी बोललं नाही. माझी लहान बहीण, आमची लहानी, तेव्हा दहावीत होती. निकाल लागल्यावर ती शाळेचा दाखला काढायला गेलीच नाही. सकाळी पाचला उठून वाफ्यात बसली आणि मला म्हणाली, "तू जाय. तुले गणित येते. मले जुड्या बांधता येतात."

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली. फोटो काढताना बाबा ताठ बसले, कारण त्यांना दुसरं बसताच येत नव्हतं. तो फोटो पाहून लोक म्हणतात, बाप किती रुबाबात बसलाय.

डिग्रीनंतर दीड वर्ष नोकरी मिळाली नाही. मग अकोल्यातल्या एका शाळेत जागा निघाली. शाळेला एक प्रयोगशाळा मिळाली होती. आठ कॉम्प्युटर, एक थ्रीडी प्रिंटर, भिंतीवर रॉकेटची चित्रं. ती चालवायला एक माणूस पाहिजे होता, अकरा महिन्यांच्या करारावर. मी जानेवारीत रुजू झाले तेव्हा प्रिंटरवर टेबलक्लॉथ होता आणि त्यावर गणपतीच्या आराशीची झालर ठेवलेली होती. नोझल, म्हणजे ज्या बारीक तोटीतून वितळलेलं प्लास्टिक बाहेर पडतं ती, चोंदलेली. नवीन नोझल यायला मार्च उजाडला.

तोपर्यंत संस्थेच्या सचिवांचा धीर सुटला होता. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक सर बाजूला उभे होते.

"मॅडम, ही खोली एक क्लासवाला मांगून राहिला," भाऊ म्हणाले. "दोन वर्षं झाले, या मशीनमधून एक टाचणी निघाली नाही. तुमीच सांगा, मी खोली काहून अडवून ठेवू?"

मी म्हटलं, "भाऊ, उन्हाळी शिबिर घेते. तीन दिवसांचं. प्रत्येक मूल स्वतः कीचेन डिझाइन करेल आणि प्रिंट करून घरी नेईल."

"किती पोट्टे?"

"एकवीस."

"ठीक आहे. तिसऱ्या दिवशी मी येतो. एकवीस पोट्टे, एकवीस कीचेन. झालं तर खोली तुमची. नाही झालं तर..." त्यांनी पुढचं सांगितलं नाही. खोली गेली की माझी जागाही जाणार हे तिथे उभ्या असलेल्या तिघांनाही माहीत होतं.

शाळेत कुठलाही तास घ्यायचा तर आधी पाठ टाचण लिहावं लागतं आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही लागते. मी टाचण लिहिलं. आजही माझ्याकडे आहे. अक्षर सुंदर आहे. पहिला दिवस: थ्रीडी प्रिंटिंगचा इतिहास, प्रकार, यंत्राचे भाग. दुसरा दिवस: सॉफ्टवेअरची ओळख, मॉडेल तयार करणे. तिसरा दिवस: प्रिंटिंग, अर्धा तास, वाटप व समारोप.

एकवीस मुलांचं प्रिंटिंग, अर्धा तास. हे मी लिहिलं, इंजिनिअर असून. कारण सांगते. आमच्या कॉलेजात प्रिंटर काचेच्या कपाटात होता आणि काचेवर 'हात लावू नये' असं चिकटवलेलं होतं. चार वर्षांत एकदा डेमो झाला. सरांनी मशीन सुरू केलं, दहा मिनिटं आम्ही तोटीकडे पाहिलं, मग चहा आला. चहा झाल्यावर सरांनी कपाटातून तयार वस्तू काढून आमच्या हातात दिली. मधला वेळ कुठे गेला ते कोणी विचारलं नाही. आम्हाला शिकवलं गेलं तसंच मी शिकवायला निघाले होते.

शिबिर एप्रिलच्या शेवटी सुरू झालं, एक दिवस आड: शनिवार, सोमवार, बुधवार. सकाळी साडेसात ते साडेनऊ, कारण त्यानंतर अकोल्यात माणूस काय, कावळाही बाहेर पडत नाही. आठवी-नववीची एकवीस मुलंमुली. शिपाईकाकांनी कूलर भरून लावला होता. मी पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होते. अर्ध्या तासात मागची रांग पेंगायला लागली. तासाभरात दोघं पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. एका मुलाने हात वर केला. मला वाटलं, शंका असेल.

"मॅडम, मशीनले हात कधी लावू देनार?"

"बुधवारी."

"मग बुधवारीच येतो ना," तो म्हणाला आणि सगळे हसले. दारात मुख्याध्यापक सर उभे होते. ते हसले नाहीत.

विषय वळवायला मी विचारलं, कीचेन कोणत्या चावीला लावाल? मला वाटलं पटापट उत्तरं येतील. एक मुलगी उभी राहिली. जवळच्या खेड्यातून सायकलने यायची, उंच, आवाज खणखणीत.

"मॅडम, आमच्या घराले कुलूपच नाही लागत. बुढी असते घरी चोवीस तास. तिले कुलूप लावू का?"

वर्ग खदखदला. मीही हसले असते, पण माझ्या टाचणात मुलांकडे चावी नसेल ही गोष्टच नव्हती. हात वर करायला सांगितलं तर एकवीसपैकी सहा जणांकडे स्वतःची अशी चावी होती, आणि त्याही सायकलच्या.

मुलं गेल्यावर मी नमुना म्हणून एक कीचेन प्रिंटला लावली. सत्तर मिलीमीटर लांब, तीस रुंद, चार जाड. टाचणात हेच माप लिहिलं होतं. मशीन एक थर घालायचं, मग त्यावर दुसरा, केसाएवढा. मी घड्याळ लावून बसले. अठ्ठेचाळीस मिनिटं. कीचेन हातात आली आणि मी फळ्यावर गुणाकार केला. एकवीस गुणिले अठ्ठेचाळीस. एक हजार आठ मिनिटं. जवळजवळ सतरा तास. बुधवारी माझ्याकडे दोन तास होते.

मी फळा पुसला. पुन्हा मांडला. गुणाकार बरोबरच होता.

तेव्हा जो विचार आला तो लपवत नाही. मुलांची नावं माझ्याकडे होतीच. मी घरी बसून एकवीस नावं टाईप करावी, लहान पट्ट्या बनवाव्या, मंगळवारी दिवसभर मशीन लावावं आणि बुधवारी वाटून टाकावं. भाऊंना काय कळणार? कॉलेजच्या डेमोतही वस्तू कपाटातूनच निघाली होती.

त्या दुपारी मी पॅसेंजर पकडून बडनेऱ्याला उतरले आणि घरी गेले. डब्यात पंखे गरम हवा फेकत होते. मी ठरवलं होतं की मायला सांगायचं, ही नोकरी जाणार. पण घरी गेल्यावर मायने विचारलं, "शिबीर कसं चालू आहे?" आणि मी म्हणाले, "चांगलं आहे." बाबा शेजाऱ्याला सांगत होते की पोरगी मशीन शिकवते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

रविवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर लहानी मेथी उपटून आणत होती आणि मी जुड्या बांधायला बसले. बऱ्याच दिवसांनी बसले होते. माझी जुडी सैल होत होती.

"काय शिकवलं तुले कॉलेजात?" ती म्हणाली. "जुडी सुटून राहिली पाय."

मी तिला सगळं सांगितलं. गुणाकार, सतरा तास, भाऊ, क्लासवाला. मी स्वतः एकवीस कीचेन बनवून वाटणार हेही सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती. तिचा हात थांबत नाही, सुतळीचा वेढा घालून दाताने तोडते आणि पुढची घेते.

"मग ते तुह्यं झालं," ती म्हणाली. "पोट्ट्याइचं काय झालं?"

"तेच तर. वेळच नाही."

"ताई, एक सांग. माय राजापेठेत जाऊन जुड्या बांधते का?"

"नाही."

"काहून नाही?"

"गिऱ्हाईक उभं असते. तिथे बांधत बसली तर विकीन कधी."

"मग तू काहून बजारात बांधून राहिली?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला काही मोठं बोलल्यासारखं वाटलंच नव्हतं. तिने माझी सैल जुडी उचलली, सोडली, पुन्हा बांधली. "आनि हे असं एक जुडी हातभर अन एक बोटभर नाही चालत. सगळ्या सारख्या. तुह्यी ती पट्टी लय मोठी आहे. किल्लीले एवढी पट्टी कोन लावते? बैलाच्या गळ्यात घालाची आहे का?"

मेथीच्या ढिगाजवळ बसून मी वहीच्या मागच्या पानावर नवीन टाचण लिहिलं. बुधवारी प्रिंटिंग नाही. प्रिंटिंग मधल्या वेळात, सोमवारी दुपारी आणि मंगळवारी. म्हणून सगळ्यांची मॉडेलं सोमवारीच पूर्ण झाली पाहिजेत. सगळ्यांचं माप एक: पन्नास बाय वीस, खालची पट्टी दोन मिलीमीटर, त्यावर अक्षर किंवा चित्र एक मिलीमीटर उठावाचं. माझ्या अंदाजाने एकीला वीस मिनिटं. एकवीस कीचेनला सात तास. दोन दुपारींत बसत होतं. बुधवारी फक्त कडा घासणं, कडी घालणं, आणि जिचं चुकलं तिचं दुरुस्त करणं.

ते लिहून झाल्यावर मला भीतीच जास्त वाटली. आतापर्यंत जमणारच नाही हे पक्कं होतं, त्यात एक प्रकारची सुटका होती. आता जमेल किंवा नाही ते माझ्यावर होतं.

सोमवारी सकाळी सातला मी मुख्याध्यापक सरांच्या पुढे वही ठेवली.

"सही झालेलं टाचण मध्येच बदलत नाहीत, मॅडम."

"सर, त्या टाचणात सतरा तासांचं काम अर्ध्या तासात लिहिलं आहे. माझी चूक आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सही मी करत नाही. वर्ग घ्या. जबाबदारी तुमची."

मी इतिहास गुंडाळून ठेवला. प्रत्येकाला आलेखाच्या कागदाचा तुकडा दिला. "पन्नास बाय वीसचा चौकोन आखा. हीच तुमची कीचेन. ज्याच्याकडे चावी नाही त्याने घरात कोणती चावी सारखी हरवते ते आठवा, तिच्यासाठी काढा." वर्गाचा आवाज एकदम वाढला. आजोबांच्या ट्रंकेची, बापाच्या गाडीची, दुकानाच्या शटरची. बुढीला कुलूप लावायला निघालेली मुलगी म्हणाली, "मॅडम, मोटारीच्या पेटीची चालते का? शेतात पंपाची पेटी आहे. माय दर आठवड्याले चाबी हरवते अन बाबा तिले बोलते."

"चालते. काय काढशील?"

"पंप काढतो. म्हंजे तिले दिसलंच पाहिजे, कायची चाबी होय."

मग आठांपैकी सात कॉम्प्युटरवर तिघं-तिघं, पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या पाळीने. एक माउस धरणार, दुसरा कागदावरचं माप वाचून सांगणार, तिसरा चुका पकडणार. पट्टी बनवायची, अक्षर ठेवायचं, एक उभी नळी घेऊन ती 'छिद्र' म्हणून निवडायची आणि सगळं एकत्र जोडायचं, म्हणजे नळीएवढी जागा पट्टीतून कापली जाते. छिद्र पाच मिलीमीटरचं. छिद्राच्या आणि पट्टीच्या काठाच्या मधे तीन मिलीमीटर प्लास्टिक राहिलंच पाहिजे. अक्षर पट्टीवर नुसतं टेकवायचं नाही, किंचित आत रुतवायचं, नाहीतर पडद्यावर चिकटलेलं दिसतं आणि प्रत्यक्षात हवेत राहतं.

"हवेत कसं राहते, मॅडम?"

मी मॉडेल फिरवून खालून दाखवलं. अक्षर आणि पट्टीमधे बारीक फट होती.

"अबे, हे तर उडून राहिलं," माउस धरलेला मुलगा म्हणाला, आणि आपणहून खाली ढकललं.

मध्येच कूलरचा पंप बंद पडला. शिपाईकाका धावत आले, दोन थापा मारून पाहिल्या, काही झालं नाही. घाम कीबोर्डवर पडत होता. साडेनऊ वाजले तेव्हा सात मॉडेलं बिनचूक होती. बाकी चौदांत काही ना काही राहिलं होतं. कुठे छिद्रच नाही, कुठे अक्षर उडतंय. मी ती पाच-पाच मिनिटांत नीट करू शकले असते. हात माउसवर गेलाही. मग मुलांना सांगितलं, "उद्या सकाळी या. टाचणात नाही. ज्यांचं राहिलं त्यांनीच या."

दुपारी सात कीचेन एकाच वेळी पलंगावर लावल्या. प्रिंटरच्या तापणाऱ्या सपाट पाटाला पलंगच म्हणतात. सव्वादोन तास. कूलर बंद, खोली भट्टी, मी ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसले. सातही चांगल्या निघाल्या. शिपाईकाका मला पाहून गेले आणि जाताना म्हणाले, "असं बसाल तर शिबिर संपायच्या आधी तुमीच वितळसान."

मंगळवारी सकाळी चौदाच्या चौदा मुलं आली. साडेदहाला सगळी मॉडेलं तयार झाली. मी दुसऱ्या सात लावल्या, पहिला थर नीट बसलेला पाहिला, आणि डबा खायला स्टाफरूममध्ये गेले. भेंडी होती. अर्ध्या तासात परतले.

खोली गार होती. मला एक क्षण बरं वाटलं, इतकं बरं की कारण कळायला वेळ लागला. शिपाईकाकांनी स्वतः बाजारातून पंप आणून कूलर दुरुस्त केला होता. आणि आमच्याकडे पाहुणा आला की कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवतात, तसं त्यांनी ते सरळ मशीनकडे वळवून ठेवलं होतं.

"मशीन लय तापून राहिलं होतं, मॅडम," ते आनंदाने म्हणाले. "म्हन्लं, बिचाऱ्याले हवा लावा."

प्लास्टिक गरम पलंगाला धरून बसतं. गार वारा लागला की आकसतं, कोपरे वर उचलतात आणि तुकडा सुटतो. एक कीचेन सुटली होती. तोटीने ती ओढत नेऊन दुसरीवर घातली, ती तिसरीवर. मशीन मात्र चालूच होतं, हवेतच प्लास्टिक सोडत होतं. पलंगावर शेवयांचा गुंता झाला होता आणि त्यात कुठेतरी पंपाचं अर्धं चाक दिसत होतं.

मी मशीन बंद केलं आणि खाली फरशीवर बसले. रडले नाही. रडण्याइतकंही अंगात नव्हतं. साडेअकरा वाजून गेले होते. सातऐवजी आता चौदा करायच्या होत्या. डोक्यात लहानीच घोळत होती. तिने दाखला काढला नाही तो यासाठी? मी तिघांच्या जिवावर शिकले आणि कूलरची दिशा मला सांगता आली नाही. काकांना सांगायचं काम माझं होतं. मी मशीनचे भाग पडद्यावर दाखवत बसले, पण त्याला वारा चालत नाही हे खोलीत रोज येणाऱ्या माणसाला सांगितलं नव्हतं.

काका दाराशी उभे होते. तोंड एवढंसं झालं होतं. "माह्यानं झालं का?"

"नाही काका. माझं झालं." मी त्यांना सुटलेला तुकडा दाखवला, वर उचललेला कोपरा दाखवला. त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"म्हंजे बाळंतिणीसारखं आहे. वारं नाही लागलं पाहिजे."

"हो."

"मग दार लावतो." त्यांनी दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखासुद्धा बंद केला. मग स्टूल घेऊन दाराबाहेर बसले आणि कोणाला आत येऊ दिलं नाही. मुख्याध्यापक सरांनाही म्हणाले, "सर, दार नका उघडू. हवा लागते."

पलंग साफ करून मी त्यावर गोंदाची कांडी फिरवली. या वेळी सात एकदम लावायची हिंमत नव्हती. एकेक लावली. सुटलीच तर एकच जाईल. एक निघाली की पुढची. मी नऊ मोजल्या, दहा मोजल्या. पाण्याची बाटली गरम झाली होती. शाळा पाचला बंद होते. तेव्हा अजून दोन राहिल्या होत्या. काका आत आले नाहीत, दारातूनच म्हणाले, "तुमी चालू द्या. किल्ली माह्याजवळ आहे. मी कुठं जाऊन राहिलो?" पावणेसहाला एकविसावी निघाली. घाईत मी शेवटच्या दोन मॉडेलांची तपासणी केली नव्हती, हे तेव्हा लक्षातही आलं नाही.

बुधवारी मुलं साडेसातच्या आधीच आली. प्रत्येकाने आपली कीचेन कागदावरच्या चित्रावर ठेवून पाहिली, पॉलिश पेपरने कडा घासल्या, मग स्टीलची कडी घालायला घेतली. नऊला भाऊ आले, बरोबर मुख्याध्यापक सर. तेवढ्यात कट् असा आवाज आला.

पंपवाल्या मुलीच्या हातात दोन तुकडे होते. कडी घालताना छिद्राची कड तुटली होती.

भाऊंनी मान हलवली. "एकवीस म्हटलं होतं ना, मॅडम?"

मी काही बोलणार त्याच्या आत ती मुलगी कॉम्प्युटरवर जाऊन बसली होती. भाऊ तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"काय करून राहिली, बाई?"

"पाहून राहिली, काहून तुटलं ते." तिने मॉडेल उघडलं, जवळ आणलं. "हे पाहा ना. छिद्र काठाच्या एकच मिलीमीटर आत आहे. तीन पाहिजे होतं. पंप मोठा झाला म्हनून मी छिद्र सरकवलं होतं."

"मग आता?"

"पंप लहान करतो. छिद्र आत घेतो." तिने पंप आठ टक्क्यांनी लहान केला, छिद्र सरकवलं, मधलं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. "तीन आलं."

"हे तुले या मॅडमनं करून दिलं का?"

"नाही. त्या माउसले हातच नाही लावत. सांगतात फक्त." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कितीकदा म्हन्लं, मॅडम, तुमीच करा ना. नाही करत."

मागून कोणीतरी हसलं. मी गोंदाची कांडी तिच्या हातात दिली. तिने पलंगावर फिरवली, फाइल पाठवली, मशीन सुरू झालं. एका मुलाने उठून कूलर बंद केला आणि भाऊंना म्हणाला, "साहेब, वीस मिनिटं गर्मीत बसा लागते."

भाऊ बसले. घाम पुसत बसले. पहिला थर बसला तेव्हा त्यांनी विचारलं, हे एवढं बारीक कसं टाकते. दोन मुलांनी एकाच वेळी उत्तर दिलं आणि मग आपसात भांडले. मी खिडकीला टेकून उभी होते आणि एकेक थर मोजत होते, कारण अजून काहीही होऊ शकत होतं. पंधरा थर झाले. पलंग निवल्यावर तिने कीचेन सोडवली, कडी घातली, ओढून पाहिली. दोनदा ओढून पाहिली. तुटली नाही.

शिबिर संपलं तेव्हा एकवीस मुलांच्या हातात एकवीस कीचेन होत्या, आणि प्रत्येकाचं मॉडेल त्याने किंवा तिने स्वतः केलेलं होतं. खोली प्रयोगशाळाच राहिली. मुख्याध्यापक सरांनी वहीच्या मागच्या पानावरच्या टाचणावर मागची तारीख न घालता, त्या दिवशीचीच घालून सही केली. जूनमध्ये माझा करार आणखी एका वर्षासाठी वाढला.